गोठलेला खांदा आणि साखर: कधी ताणायचं, कधी थांबायचं

बाईंची पहिली तक्रार खांद्याची नव्हतीच, झोपेची होती. डाव्या कुशीवर वळलं की कळ येऊन जाग यायची आणि उरलेली रात्र पलंगावर उठून बसून जायची. वय ५३, माध्यमिक शाळेत गणित शिकवतात, मधुमेह अकरा वर्षांचा, गोळ्या चालू. गणपतीत माळ्यावरून मखराचं सामान काढताना हात लचकला असणार, असं घरच्यांनी ठरवून टाकलं होतं. बाम झाला, शेक झाला, कोणीतरी सुचवलं म्हणून तेल लावून जोरदार मालिशही झाली. दिवाळी उलटली तेव्हा पाठीमागचा हूक लागेना, अंबाडा घालता येईना आणि बसमध्ये वरची दांडी डाव्या हाताने धरता येईना.

(बाई म्हणजे कोणी एक व्यक्ती नाही. फिजिओथेरपीच्या कामात भेटलेल्या तीन-चार जणींची गोष्ट मी एकत्र बांधली आहे. आकडे मात्र अशा रुग्णांमध्ये नेहमी दिसतात तसेच ठेवले आहेत.)

मी त्यांना एकच गोष्ट करायला सांगितली. दोन्ही कोपरं बरगड्यांना चिकटवा, हात कोपरात काटकोनात वाकवा आणि दाराच्या दोन फळ्या उघडाव्यात तसे दोन्ही पंजे बाहेरच्या बाजूला न्या. उजवा हात साधारण ६० अंशांपर्यंत सहज गेला. डावा १५ अंशांवर थांबला. मग त्यांना हात सैल सोडायला सांगून तोच डावा हात मी माझ्या हाताने बाहेर नेऊन पाहिला. तो तिथेच थांबला, १५ अंशांवर. रबर ताणून संपल्यावर जसं वाटतं तसं हाताला लागलं.

फ्रोझन शोल्डरची खरी ओळख या दुसऱ्या तपासणीत आहे. खांद्याचा स्नायू किंवा त्याची दोरी फाटली असेल, तर रुग्णाला स्वतःहून हात उचलता येत नाही, पण दुसऱ्याने उचलला तर तो बऱ्यापैकी वर जातो. गोठलेल्या खांद्यात रुग्णाने उचलला काय आणि डॉक्टरांनी उचलला काय, हात सारखाच अडतो. आणि सगळ्यात आधी, सगळ्यात जास्त अडतं ते हे बाहेर वळणं. एक्स-रे एकदा काढतात, पण तो बहुतेक वेळा स्वच्छ येतो. सांध्याची झीज, साठलेला कॅल्शियम किंवा निसटलेला सांधा नाही ना, एवढं बघायला तो हवा असतो. एमआरआयची गरज बहुतेकांना पडत नाही. ‘एक्स-रेत काही नाही’ हे ऐकून अनेक जण दुखणं मनावर घेत नाहीत आणि महत्त्वाचे तीन-चार महिने निघून जातात.

घट्ट शिवलेला ब्लाऊज

खांद्याचा सांधा म्हणजे वाटीत बसवलेला चेंडू, फक्त वाटी फार उथळ आहे. त्याभोवती एक पातळ, लवचीक पिशवी असते. हात खाली असताना या पिशवीचा काखेकडचा भाग चुण्या पडून लोंबत असतो. हात वर केला की त्या चुण्या उलगडतात. जुन्या पद्धतीच्या सदऱ्याला काखेत कापडाचा एक जादा तुकडा जोडलेला असायचा, त्याचं काम हेच.

फ्रोझन शोल्डरमध्ये आधी या पिशवीच्या आतल्या अस्तराला सूज येते, मग पिशवी जाड होते, आकसते, आणि काखेतल्या त्या चुण्या नाहीशा होतात. पिशवीच्या पुढच्या-वरच्या बाजूला एक पट्टा असतो. तो आधी आवळतो, म्हणून बाहेर वळणं आधी जातं. काखेत घट्ट झालेला ब्लाऊज घालून हात वर केला तर काय होतं ते आठवा. हात अर्ध्यावर अडतो आणि त्यापुढे सगळा ब्लाऊजच वर ओढला जातो. गोठलेल्या खांद्यातही हात अर्ध्यावर अडतो आणि त्यापुढे पाठीवरचं फावड्याचं हाड हाताबरोबर वर ओढलं जातं. लांबून बघणाऱ्याला वाटतं, बाई खांदे उडवतायत. ‘हात तर वर जातोय की!’ असं म्हणणारे नातेवाईक या उचललेल्या फावड्याला फसतात. मानेची दुखणीही त्यातूनच मागे लागतात, कारण सांध्याचं काम मानेचे स्नायू करू लागतात.

बॉस्टनचे सर्जन अर्नेस्ट कॉडमन यांनी १९३४ साली या दुखण्याला ‘फ्रोझन शोल्डर’ असं नाव दिलं. व्याख्या करायला अवघड, उपचाराला अवघड आणि समजावून सांगायलाही अवघड, असं त्यांनीच लिहून ठेवलं आहे. जपानमध्ये लोकांच्या बोलण्यात याला ‘गोजुकाता’ म्हणतात, म्हणजे पन्नाशीचा खांदा. ते नाव मला जास्त आवडतं. चाळिशी ते साठी हेच याचं वय, आणि पुरुषांपेक्षा बायकांमध्ये जरा जास्त.

साखरेचा संबंध कुठे येतो

सर्वसाधारण लोकांत शंभरातल्या दोन ते पाच जणांना आयुष्यात कधीतरी हे होतं. मधुमेह असलेल्यांमध्ये हे प्रमाण कितीतरी पटींनी जास्त आहे, शंभरात दहा ते वीस असं साधारण धरलं जातं. मधुमेह जितका जुना, तितका धोका अधिक.

कारण समजून घ्यायला आपल्या नेहमीच्या तपासणीकडे बघू. ‘तीन महिन्यांची साखर’, म्हणजे एचबीएवनसी, काय मोजते? रक्तातल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटून बसली आहे ते. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून चिकटलेली साखरही तीन-चार महिन्यांत पेशीबरोबर निघून जाते आणि अहवाल बदलतो. पण साखर फक्त हिमोग्लोबिनलाच चिकटते असं नाही. सांध्याची पिशवी, स्नायूंच्या दोऱ्या, तळहाताखालचा पडदा हे सगळं कोलॅजन नावाच्या धाग्यांचं विणकाम आहे, आणि साखर तिथेही चिकटते. शेजारशेजारचे धागे एकमेकांना जोडले जातात, त्यांचं एकमेकांवरून घसरणं बंद होतं, कापड ताठ होतं. फरक एवढाच, की कोलॅजनचे धागे तीन महिन्यांत बदलत नाहीत. ते वर्षानुवर्षं तेच राहतात.

बाईंनी विचारलं होतं, “आता माझी साखर सातवर आलीय, मग खांदा आत्ता का धरला?” उत्तर या धाग्यांत आहे. आजचा अहवाल गेल्या तीन महिन्यांचा असतो. खांद्याच्या पिशवीत मात्र अकरा वर्षांचा हिशेब लिहिलेला असतो, ज्या वर्षांत ती साखर नऊच्या पुढे होती त्यांच्यासकट. साखर आटोक्यात आणली म्हणून खांदा महिन्यात सुटेल अशी आशा धरू नये, ती यामुळे. साखर आटोक्यात आणायचीच, पण ती पुढच्या धाग्यांसाठी, दुसऱ्या खांद्यासाठी आणि येणाऱ्या इंजेक्शनसाठी.

हेच ताठरणं हातातही दिसतं. मी मधुमेही रुग्णाला देवाला करतो तसा नमस्कार करायला सांगतो. काहींचे तळवे आणि बोटं एकमेकांना पूर्ण टेकत नाहीत, मधे फट राहते. काहींचं एखादं बोट मिटल्यावर अडकतं आणि खटकन उघडतं. असा हात दिसला की खांदा सुटायला वेळ लागणार हे मी आधीच सांगून ठेवतो. उलट बाजूनेही हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. ज्याला मधुमेह असल्याचं माहीतच नाही असा कोणी पन्नाशीत गोठलेला खांदा घेऊन आला, तर त्याची साखर आणि थायरॉइड एकदा तपासावं. कधीकधी मधुमेहाचा पत्ता असा खांद्यावरून लागतो.

टप्पा रात्रीवरून ओळखायचा

पुस्तकात तीन टप्पे असतात: गोठण्याचा, गोठलेला आणि सुटण्याचा. पहिला साधारण दोन ते नऊ महिने, दुसरा चार ते बारा, तिसरा पाच महिन्यांपासून दोन वर्षं किंवा त्याहून जास्त. हे आकडे इतके सैल आहेत की रुग्णाला त्यांचा फारसा उपयोग नाही. टप्पे एकमेकांत मिसळतात, कोणी तारीख लावून येत नाही. मी रुग्णाला रात्रीबद्दल विचारतो, कारण कुठला व्यायाम करायचा ते रात्रीवरून ठरतं.

पहिल्या टप्प्यात रात्र वाईट जाते. काही न करता, नुसतं पडल्यापडल्या दुखतं. दिवसा हाताला चुकून हिसका बसला, कोणी पटकन हात ओढला, तर दंडापर्यंत अशी सणक जाते की पाच मिनिटं काही सुचत नाही. हालचाल दर आठवड्याला थोडी थोडी कमी होत जाते. या वेळी पिशवी सुजलेली असते.

दुसऱ्या टप्प्यात माणूस झोपू लागतो. दुखणं उरतं ते हात शेवटपर्यंत नेला तरच. पण हात अगदी जखडलेला असतो. गंमत अशी, की दुखणं कमी झालं म्हणून घरचे खूश असतात आणि रुग्ण मात्र याच वेळी जास्त वैतागलेला असतो, कारण आता त्याला नेमकं कळतं की काय काय जमत नाही. सूज ओसरलेली असते आणि पिशवी आकसून जाड झालेली असते.

तिसऱ्या टप्प्यात एक दिवस अचानक हात पाठीमागे चार बोटं जास्त गेल्याचं लक्षात येतं. सुटणं असं हळूहळू, न सांगता होतं.

बाई आल्या तेव्हा पहिल्या टप्प्याचा कडेलोट चालू होता. आणि त्या रोज काय करत होत्या? शेजारच्या काकांनी सांगितलं म्हणून पंख्याच्या हुकाला दोरी बांधून, चांगल्या हाताने दुखरा हात डोळ्यांत पाणी येईपर्यंत वर ओढत होत्या. रोज सकाळी, वीस वेळा.

सुजलेल्या पिशवीला ओढू नये

नेदरलँड्समधला २००४ सालचा एक अभ्यास मी अशा वेळी सांगतो. ७७ रुग्ण होते. एका गटाला कसून फिजिओथेरपी दिली, म्हणजे दुखण्याच्या पलीकडे नेऊन ताणलं. दुसऱ्या गटाला दुखणं नीट समजावून सांगितलं, झोके आणि दुखेल तिथपर्यंतच्या हलक्या हालचाली शिकवल्या, आणि झेपतील ती कामं करत राहायला सांगितलं. दोन वर्षांनी हलक्या गटातल्या ८९ टक्के लोकांचा खांदा जवळजवळ नेहमीसारखा आणि न दुखणारा झाला होता. कसून ताणलेल्या गटात तो आकडा ६३ टक्के होता. मी स्वतः फिजिओथेरपिस्ट असून हे सांगतो, म्हणजे आमच्या धंद्यावरच बोट ठेवतो, पण सुजलेल्या अस्तराला रोज ओढलं तर ते रोज नव्याने सुजतं.

पहिल्या टप्प्यात म्हणून दोनच व्यायाम. एक, झोका. स्वयंपाकाच्या ओट्यावर चांगला हात टेकवून कमरेत पुढे वाकायचं, दुखरा हात विहिरीत सोडलेल्या पोहऱ्यासारखा सैल लोंबू द्यायचा आणि अंग हलकेच डोलवून तो हात पुढे-मागे, मग छोट्या गोलात झुलू द्यायचा. हात खांद्याच्या ताकदीने फिरवायचा नाही. एक-दोन मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. दुसरा, टेबलावर सरकवणं. जेवणाच्या टेबलाशी बसायचं, दुखऱ्या हाताखाली घडी केलेला पंचा ठेवायचा आणि टेबल पुसल्यासारखा हात पुढे सरकवत आपणच कमरेत वाकायचं. जिथे ओढ लागते तिथे पाच-सहा सेकंद थांबून परत. दहा वेळा पुरे.

हात गळ्यात अडकवून ठेवणं मात्र साफ चूक. कणीक मळणं, भाजी चिरणं, वह्या तपासणं, म्हणजे खांद्याच्या खालच्या उंचीवरची सगळी कामं करत राहायची. रात्री उताणं झोपून दंडाखाली चादरीची घडी ठेवली की कोपर मागे पडत नाही आणि पिशवीवरची ओढ कमी होते. कुशीवरच झोप येत असेल तर चांगल्या कुशीवर, पोटाशी उशी धरून आणि दुखरा हात तिच्यावर ठेवून.

शेक घ्यायला हरकत नाही, व्यायामाआधी दहा मिनिटं. पण ज्यांच्या हातापायांची जाणीव मधुमेहाने कमी झाली आहे त्यांना चटका बसलेला कळत नाही. शेकाची पिशवी टॉवेलात गुंडाळून घ्यावी आणि घरातल्या दुसऱ्या कोणाच्या हाताने ऊब तपासून घ्यावी. दुखण्याच्या गोळ्यांबद्दलही तेच. मूत्रपिंडावर मधुमेहाचा परिणाम झालेला असेल तर मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गोळ्या महिनोन्‌महिने खाणं महागात पडतं.

इंजेक्शन आणि मधुमेह

सांध्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात ते याच पहिल्या टप्प्यात, कारण ते सुजेवर काम करतं. आकसून जाड झालेली पिशवी त्याने सैल होत नाही. वर्षभर थांबून, खांदा पार जखडल्यावर ‘आता इंजेक्शन द्या’ म्हणणाऱ्यांच्या पदरी म्हणून फारसं काही पडत नाही. वेळेवर दिलं तर दुखणं काही आठवड्यांत चांगलं उतरतं, रात्रीची झोप परत येते आणि व्यायाम करता येतो. पुढच्या वर्षा-दोन वर्षांचा हिशेब मात्र त्याने फारसा बदलत नाही.

‘मधुमेह आहे म्हणून इंजेक्शन नको’ हे अर्धसत्य आहे. साखर वाढते हे खरं. साधारण पहिल्या दिवसापासून ती चढते, दोन-तीन दिवस जास्त राहते आणि बहुतेकांची आठवड्याभरात जागेवर येते. बाईंना नोव्हेंबरात ४० मिलिग्रॅमचं इंजेक्शन दिलं गेलं. त्याआधी त्यांच्या मधुमेहाच्या डॉक्टरांशी बोलणं झालं आणि आठवडाभर रोज दोनदा घरी साखर तपासून वहीत लिहायचं ठरलं. गणिताच्या बाई, त्यामुळे वही चोख होती. उपाशीपोटी एरवी १४० च्या आसपास असायची, दुसऱ्या सकाळी २३० झाली, तिसऱ्या दिवशी २१५, सहाव्या दिवशी १५०. डॉक्टरांनी एका गोळीचा डोस त्या दिवसांपुरता वाढवला होता. साखर आधीच तीनशेच्या घरात असेल तर मात्र इंजेक्शन पुढे ढकलून आधी ती उतरवणं शहाणपणाचं. इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर ठरवून, विचारूनच घ्यावं.

दहाव्या रात्री बाई सलग पाच तास झोपल्या.

आता ताणायचं, पण मोजून

जानेवारीत, संक्रांतीच्या सुमारास, बाई दुसऱ्या टप्प्यात आल्या. झोप लागत होती, हात मात्र समोरून ९५ अंशांवर आणि बाहेर १५ अंशांवर अडकलेला. आता ताण वाढवायला हरकत नव्हती.

सगळ्यात महत्त्वाचा ताण बाहेर वळण्याचा. तोच लोक सगळ्यात कमी करतात, कारण हात वर नेणं दिसतं आणि बाहेर वळणं कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. पण बाहेर वळल्याशिवाय हात पूर्ण वर जाऊच शकत नाही, दंडाचं हाड वर अडतं. उताणं झोपायचं. दुखऱ्या बाजूच्या कोपराखाली पंचाची घडी, कोपर बरगडीला चिकटलेलं आणि काटकोनात. दोन्ही पंजांत छत्री किंवा वायपरचा दांडा आडवा धरायचा. चांगल्या हाताने दांडा ढकलून दुखरा पंजा बाहेर न्यायचा. ओढ लागली की तिथेच २० ते ३० सेकंद, श्वास न रोखता. मग सोडायचं. पाच वेळा, दिवसातून दोन-तीनदा. हिसके द्यायचे नाहीत. कोलॅजनचे धागे हिसक्याने ढिले होत नाहीत, हलक्या आणि लांबलेल्या ओढीने होतात.

इथे दोन लबाड्या हमखास होतात. कोपर बरगडीपासून सुटतं, किंवा अख्खं अंग त्या बाजूला कलतं. दोन्हींत पंजा बाहेर गेलेला दिसतो आणि सांधा जागचा हलत नाही. म्हणून मी कोपर आणि बरगडी यांच्यामध्ये एक रुमाल धरायला लावतो. रुमाल पडला की ती वेळ मोजायची नाही.

भिंतीवर बोटांनी चढण्याचा व्यायाम सगळ्यांना माहीत असतो आणि बहुतेक जण तो चुकीचा करतात. भिंतीवर पेन्सिलीची खूण रोज वर जाते, रुग्ण खूश, पण आरशात पाहिलं तर खांदा कानाला टेकलेला आणि पाठ मागे वाकलेली. ती प्रगती पाठीची असते. त्याऐवजी उताणं झोपून चांगल्या हाताने दुखरं मनगट धरून डोक्याच्या दिशेने न्यावं. पाठ जमिनीला टेकलेली असल्याने फसवणूक कमी होते.

पाठीमागे पंचा धरून वर ओढण्याचा ताण मी सगळ्यात शेवटी देतो, तिसरा टप्पा दिसू लागल्यावर. ही हालचाल सगळ्यात उशिरा परत येते आणि घाईने केली तर पुन्हा दुखणं उठवते. अंगठा पाठीवर कुठपर्यंत पोचतो ते मात्र पहिल्यापासून लिहून ठेवायचं: मागचा खिसा, कंबर, हुकाची पट्टी.

किती ओढ योग्य, याचं मोजमाप सोपं आहे. दहापैकी तीन-चार एवढं दुखलं तर चालेल, पण व्यायाम संपल्यावर अर्ध्या-एक तासात ते आधीच्या जागी यायला हवं. त्या रात्री झोप मोडली तर ओढ जास्त झाली, दुसऱ्या दिवशी निम्मी करायची. बाईंनी मार्चमध्ये वार्षिक परीक्षेच्या आधी ‘एकदाचं उरकून टाकू’ म्हणून आठवडाभर दुप्पट ताण दिला आणि सलग तीन रात्री जागून काढल्या. आम्ही दोन आठवडे पुन्हा झोके आणि टेबलावर आलो. यात हरल्यासारखं वाटतं, पण टप्पा मागे सरकला की व्यायामही मागे सरकवायचे असतात.

किती दिवस लागतात

‘दोन वर्षांत आपोआप बरं होतं’ असं सगळीकडे सांगितलं जातं. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रुग्णांना सरासरी ३० महिने लागल्याचं दिसलं. १९९२ च्या दुसऱ्या एका अभ्यासात ६२ रुग्णांना सरासरी सात वर्षांनी पुन्हा तपासलं, तर निम्म्या लोकांना थोडं दुखणं किंवा थोडी ताठरता अजून होती. म्हणजे बहुतेकांचा खांदा कामापुरता सुटतो, पण तंतोतंत पूर्वीसारखा होतोच असं नाही. मधुमेह असेल तर वेळ आणखी लागतो आणि मागे राहणारी ताठरताही जास्त असते. मी मधुमेही रुग्णाला पहिल्याच दिवशी दोन ते तीन वर्षं सांगतो. ऐकताना तोंड पडतं, पण सहा महिन्यांत डॉक्टर बदलत हिंडणं वाचतं.

बाईंचा हिशेब असा: सुरुवातीपासून नऊ महिन्यांनी बाहेर वळणं २०, समोरून १०५. पंधरा महिन्यांनी ३० आणि १२५. या काळात प्रगती महिन्याला दोन-तीन अंश, म्हणजे डोळ्यांना दिसतच नाही. म्हणून महिन्यातून एकदा, ठरलेल्या तारखेला, भिंतीला पाठ टेकून दोन्ही पंजे बाहेर नेलेला फोटो मुलीने काढायचा असं ठेवलं होतं. सव्वीस महिन्यांनी ४५ आणि १५५. अंबाडा जमला, बसची दांडी जमली. पाठीमागचा हूक अजूनही पुढे लावून मग फिरवून घ्यावा लागतो.

काहींचं सहा-आठ महिने नीट प्रयत्न करूनही अजिबात हलत नाही. त्यांच्यासाठी पुढचे उपाय आहेत. सांध्यात सलाइन भरून पिशवी आतून फुगवतात. भूल देऊन सर्जन खांदा हाताने मोकळा करतात. दुर्बिणीतून पिशवी कापून सैल करतात. ब्रिटनमध्ये यातले शेवटचे दोन उपाय आणि इंजेक्शनसह पद्धतशीर फिजिओथेरपी यांची ५०३ रुग्णांवर तुलना झाली, तिचे निष्कर्ष २०२० साली आले. एका वर्षानंतर रुग्णाला जाणवेल इतका फरक तिन्हींत नव्हता. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत गंभीर गुंतागुंतीचा धोका मात्र जास्त दिसला. त्यामुळे शस्त्रक्रियेची घाई करण्यात अर्थ नाही, आणि गरज पडली तर तिला घाबरण्यातही नाही. शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवसापासून हात हलवावाच लागतो, नाहीतर पिशवी पुन्हा आकसते, मधुमेहात तर लवकर. भूल न देता हिसका मारून खांदा ‘बसवून’ देणाऱ्यांकडे मात्र कधीही जाऊ नये. पन्नाशीनंतर दंडाचं हाड त्यात मोडलेलं मी पाहिलं आहे.

आणि सगळीच खांदेदुखी गोठलेला खांदा नसते. ताप आणि गरम, सुजलेला खांदा दिसला तर मधुमेही माणसाने त्याच दिवशी दवाखाना गाठावा, सांध्यात पू असू शकतो. पडल्यानंतर लगेच हात उचलता येईना तर तेही वेगळं. डाव्या खांद्यात-हातात दुखणं जिना चढताना येत असेल आणि थांबल्यावर जात असेल, किंवा सोबत घाम-धाप असेल, तर ते हृदयाचं असू शकतं. गोठलेला खांदा जिना चढल्याने दुखत नाही, हात हलवल्याने दुखतो.

एकदा सुटलेला खांदा सहसा पुन्हा गोठत नाही. पण दुसरा गोठू शकतो, मधुमेहात तर बऱ्याचदा. बाई तिसऱ्या वर्षी श्रावणात परत आल्या. या वेळी दुखणं उजव्या खांद्यात होतं, जेमतेम तीन आठवड्यांचं. खुर्चीत बसायच्या आधीच त्यांनी कोपरं बरगड्यांना चिकटवून दोन्ही पंजे बाहेर नेऊन दाखवले. “डावा पंचेचाळीस, उजवा पन्नास. उजवा आधी साठ होता ना?” मी कोनमापक लावला. अठ्ठेचाळीस भरला. त्यांनी पिशवीतून साखरेची वही काढून टेबलावर ठेवली.